शिरोरेषेवरच्या मुंग्या

पहिली पाटी मी मे महिन्यात जाळली. जाळली म्हणजे खरोखरच वाया घालवली. मोहल्ल्यात एका घराच्या पुढच्या खोलीत मुलांसाठी वाचनालय सुरू होणार होतं आणि दारावर लाकडी पाटी हवी होती. एका बाजूला मराठीत ‘वाचनालय’, दुसऱ्या बाजूला उर्दूत ‘दारुल मुताला’. हे काम माझ्याकडे आलं ते मी घरी गरम पेनानं लाकडावर अक्षरं काढतो हे सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे. तोवर मी काढली होती ती भेट देण्यापुरती छोटी नावं, आणि तीही बहुतेक इंग्रजीत.

वाचनालय चालवणाऱ्या आपा उर्दू शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांनी एकच अट घातली. “बेटा, दोनों एक बराबर दिखने चाहिए. कोई किसी से कम नहीं.” मी मान डोलावली. अट साधी वाटली. ती साधी नाही हे फळीवर पेन टेकल्यावर कळलं, कारण उर्दूचा शब्द नीट उतरला आणि मराठीचा फसला. ‘वाचनालय’च्या शिरोरेषेवर जिथे जिथे उभा दंड येऊन मिळत होता, तिथे तिथे एक काळा, जळका ठिपका बसला होता. आपांच्या नातवानं पाटी पाहिली आणि विचारलं, “चाचू, इसपे चींटियाँ क्यों बैठी हैं?”

खरंच मुंग्याच होत्या. मोजल्या तर सात.

आपा काही बोलल्या नाहीत, पण त्यांच्या मनात काय आलं असेल ते मला कळलं. नागपुरात आमच्या वस्तीतल्या पाटीवरची मराठी ओळ जर ओबडधोबड असली, तर बघणारा हाताला दोष देत नाही. तो म्हणतो, यांना मराठी कुठे येते. मी मराठीत लिहितो, मराठीत भांडतो, आणि माझ्याच हातची मराठी ओळ उर्दूपेक्षा वाईट निघावी हे मला फार लागलं. शाळा उघडायच्या आत, म्हणजे विदर्भाच्या हिशेबानं जूनच्या अखेरीपर्यंत, दुसरी पाटी करून देतो असं सांगून मी फळी घरी आणली. त्या महिन्याभरात जे उमगलं ते इथे लिहितो. इंटरनेटवर या कामाचे धडे भरपूर आहेत, पण ते रोमन अक्षरांचे आहेत, आणि रोमन अक्षरांना शिरोरेषा नसते.

आधी हा ठिपका येतो कसा ते समजून घेऊ. माझं पेन म्हणजे एका ट्रान्सफॉर्मरच्या डबीला जोडलेली मूठ आणि तिच्या टोकाला नायक्रोमच्या तारेचं वाकवलेलं अग्र. डबीवर उष्णता कमीजास्त करायचं बटण असतं. पेन हवेत धरलेलं असतं तेव्हा अग्राची उष्णता घेणारं कुणी नसतं, म्हणून ते सगळ्यात जास्त तापलेलं असतं. लाकडाला टेकताच लाकूड उष्णता ओढून घेतं आणि अग्र थोडं निवतं. म्हणजे रेघेचा पहिला क्षण हा सगळ्यात गरम क्षण. तिथे हात जरा रेंगाळला की ठिपका पडला. रेघेच्या शेवटाला उलटं घडतं. अग्र निवलेलं असतं, पण आपण रेघ संपवताना नकळत थांबतो आणि मग पेन उचलतो. त्या थांबण्यात लाकूड जास्त वेळ भाजतं. सुरुवातीला उष्णतेमुळे, शेवटी वेळेमुळे, ठिपका दोन्हीकडे तयार.

आता ‘वाचनालय’ बघा. व, पहिला काना, च, न, दुसरा काना आणि य, या प्रत्येकाला उभा दंड. त्यात ल चा छोटा देठ धरला की शिरोरेषेला येऊन मिळणाऱ्या सात जागा होतात. मी प्रत्येक दंड वरून खाली ओढला होता, कारण हाताला तीच सवय. म्हणजे प्रत्येक दंडाची सुरुवात, पेनाचा सगळ्यात गरम क्षण, बरोबर शिरोरेषेवर पडत होता, आणि ती शिरोरेषा मी आधीच काढून ठेवली होती. जळलेल्या जागेवर सगळ्यात गरम टोक सात वेळा टेकवलं, तर सात मुंग्या बसणारच.

पहिल्या पाटीवर मी दुसरी एक चूक केली, आणि ती जास्त शिकवून गेली. ठिपके दिसू लागल्यावर ते लपवावेत म्हणून मी सगळ्याच रेघा जाड करत गेलो. दंड ठिपक्याएवढा रुंद केला की ठिपका ठिपका राहत नाही, असा विचार. तीन-चार अक्षरांपर्यंत ते खपलंही. पण व चं पोट बुजत आलं, न ची गाठ दंडाला चिकटली, आणि ल कडे बघवेना. शेवटी शब्द लांबून एखाद्या काळ्या पट्टीसारखा दिसू लागला.

तेव्हा दुसऱ्या वेळी आधी रेघेची जाडी ठरवली, मग पेन तापवलं.

लाकूड घ्यायला लकडगंजला गेलो. पहिली फळी सागाची होती. चंद्रपूर-गडचिरोलीकडचा साग म्हणजे विदर्भाचा अभिमान, पण अक्षरं जाळायला तो त्रासदायक. सागाच्या वाढीच्या कड्यांमध्ये मोठी मोठी छिद्रं असलेला मऊ पट्टा आणि त्याला लागून घट्ट पट्टा, असं आलटून पालटून येतं. पेन मऊ पट्ट्यात बुडतं, घट्ट पट्ट्यावर अडतं, आणि अडलं की तिथे जास्त भाजतं. शिवाय रंग मुळातच तपकिरी, त्यामुळे अक्षर उठून दिसायला ते काळंभोर करावं लागतं. आरा मशीनवरच्या काकांना मी माझी अडचण सांगितली. ते म्हणाले, “सागावर काहून करता भाऊ? हळदू घ्या ना.” हळदू म्हणजे नावाप्रमाणे पिवळसर, बारीक आणि एकसारख्या पोताचं लाकूड. त्याच्या कंगव्या करत असत. पेन त्याच्यावर लोण्यातून नाही, पण निदान साबणावरून फिरावं तसं फिरतं. वीस इंच लांब, पाच इंच रुंद फळी रंधून घेतली आणि त्याच फळीचा कापलेला तुकडा मागून घेतला. हा तुकडा फुकट मिळतो, आणि पाटीइतकाच महत्त्वाचा असतो. सगळ्या चाचण्या त्याच लाकडावर व्हायला हव्यात. दुसऱ्या लाकडावर घेतलेली चाचणी इथे लागू पडत नाही. प्लायवूड आणि एमडीएफ मी या कामाला घेतच नाही, त्यांच्यातला गोंद जळतो आणि तो धूर छातीत जातो.

घरी १२०, मग २२०, मग ३२० नंबरचा पॉलिश पेपर मारला. ओलं फडकं फिरवून फळी वाळू दिली, म्हणजे दबलेले तंतू उभे राहतात, आणि ते पुन्हा ३२० नं कापून टाकले. हे केलं नाही तर पेन तंतूंना अडकून थरथरतं.

आता जाडी. सुतारकामात इंचाचे आठ सूत. शिरोरेषेपासून दंडाच्या पायापर्यंत अक्षराची उंची मी एक इंच, म्हणजे आठ सूत धरली. दारासमोरच्या अरुंद गल्लीतून दहा-बारा फुटांवरून ती सहज वाचता येते. माझ्या गोलसर अग्राची एक रेघ साधारण अर्धा सूत रुंद उमटते. त्यामुळे माझ्यासाठी जाडी म्हणजे किती रेघा एकमेकींना चिकटवून ओढायच्या हा प्रश्न होता. एक रेघ, दोन रेघा की तीन?

तुकड्यावर तिन्ही करून पाहिलं, पण सगळा शब्द नाही काढला. शब्दातली सगळ्यात अडचणीची अक्षरं आधी काढायची, ही गोष्ट मला फसलेल्या पाटीनं शिकवली. मोकळ्या अक्षरावर जाडी ठरवली तर ती दाटीच्या अक्षरात मरते. ‘वाचनालय’मध्ये अशी दोन, व आणि ल. एका रेघेत दोन्ही स्वच्छ आली, पण सहा पावलं मागे गेलो की अक्षर लाकडाच्या पोतात हरवलं. तीन रेघांत व च्या पोटात जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढी जागा उरली. दोन रेघांत, म्हणजे एक सूत जाडीत, पोट पोटासारखं राहिलं आणि लांबूनही शब्द दिसला. उंचीच्या एक अष्टमांश. हा काही नियम नाही, या शब्दाला या लाकडावर बसलेला हिशेब आहे. पाटीवर ‘पुस्तक’ लिहायचं असतं तर स्त च्या जोडाक्षरानं कदाचित आणखी बारीक रेघ मागितली असती.

एक सूत ठरवल्यावर पेन्सिलीनं मात्र एक सुतापेक्षा केसभर बारीकच आखलं. गरम रेघेच्या दोन्ही कडांना तपकिरी सावली धरते. ती रेघ नसते, पण डोळा तिला रेघेतच धरतो. तिच्यासाठी जागा सोडली नाही तर ठरवलेली जाडी वाढते आणि अक्षरातल्या पोकळ्या आक्रसतात. अक्षरं फळीवर उतरवायला कार्बन पेपर घेऊ नका, त्याची निळी रेघ खोडरबरानं जात नाही. कागदाच्या मागे मऊ पेन्सिल घासायची आणि पुढून गिरवायचं.

आता इथे ल चा विषय काढावाच लागेल. नागपुरातल्या पाट्यांवर ल बहुतेक हिंदीचा असतो, उजवीकडे पूर्ण उभा दंड असलेला. १९५६ पर्यंत हे शहर हिंदी-मराठी अशा दोन्ही भाषांच्या प्रांताची राजधानी होतं, आणि रंगाऱ्यांचा हातही दोन्हीकडे चालणारा. मराठीचा ल वेगळा. त्याला दोन पाकळ्या आणि मध्ये वरून आलेला आखूड देठ. राज्य सरकारनं २००९ साली मराठी वर्णमालेबद्दल जो निर्णय काढला त्यातही पाकळीचा ल आणि देठाचा श हीच मराठीची रूपं धरली आहेत. जाळायला दंडाचा ल सोपा, कारण त्यातले सांधे एकमेकांपासून लांब असतात. पाकळीच्या ल मध्ये दोन पाकळ्या आणि देठ एकाच बिंदूशी येतात, आणि त्यांच्यामधले कोन अरुंद. ठिपक्यासाठी याहून चांगली जागा नाही. पहिल्या पाटीवर मी सोयीसाठी दंडाचा ल काढला होता. दुसरीवर पाकळीचाच काढायचा ठरवला. मराठी ओळ मराठीच दिसायला हवी होती.

पेनाची उष्णता किती ठेवायची ते तुकड्यावर ठरतं. बटणाच्या प्रत्येक आकड्यावर दोन इंचांची रेघ, मनात सावकाश तीन आकडे मोजत. ज्या आकड्यावर रेघ उकळलेल्या कॉफीसारखी तपकिरी येते, तो आपला. ज्यावर ती काळी येऊन कडांना धुराचा पिवळा डाग धरते, तो सोडायचा, काम लवकर होईल असं वाटलं तरी. खोलीत अंधार करून अग्राकडे बघायचं, ते लालसर दिसत असेल तर फार गरम आहे. एकदा काळं करण्यापेक्षा दोनदा तपकिरी केलेलं बरं, कारण तपकिरी रेघ गडद करता येते, काळी फिकट करता येत नाही.

नागपुरात याला आणखी एक फाटा आहे. जूनमध्ये घरात कूलर चालू असतो. कूलरचा वारा अग्रावर आला की ते निवतं, वारा वळला की तापतं, आणि एकाच रेघेत तीन रंग उमटतात. शिवाय त्या ओल्या हवेत रात्रभर पडलेलं लाकूड दमट होतं आणि फिकं जळतं. मी फळी कपाटात ठेवायचो आणि फजरच्या नमाजनंतर कूलर, पंखा बंद ठेवून खिडकीशी बसायचो. साडेसातपर्यंत काम व्हायचं. त्यानंतर घाम फळीवर पडायचा. धूर चेहऱ्यावर येतो म्हणून नाकाला मास्क आणि मान बाजूला.

आता सांधे. यात मला उपयोगी पडली ती बालवाडीतली सवय. बाईंनी आपल्याला शिकवलेलं असतं, आधी अक्षर, मग वरची रेघ. पहिल्या पाटीवर मी शहाणपणा करून शिरोरेषा आधी ओढली होती, पट्टी लावून, सरळ यावी म्हणून. दुसरीवर ती सगळ्यात शेवटी ठेवली. कारण असं की सांध्यावर कुठल्याही रेघेची सुरुवात किंवा शेवट येऊ द्यायचा नाही. दोन रेघा मिळतात तिथे एकीनं तरी न थांबता निघून जायला हवं. शिरोरेषा ही अशी निघून जाणारी रेघ. ती डावीकडे मोकळ्या जागी सुरू होते, उजवीकडे मोकळ्या जागी संपते, आणि मधल्या सातही दंडांवरून फक्त पुढे जाते.

मग दंडाचं काय? त्याचं एक टोक तर सांध्याशी येणारच. ते टोक सुरुवातीचं असू नये, म्हणजे दंड खालून वर काढायचा. पण पेन स्वतःपासून लांब ढकलताना हात कापतो, ओढताना स्थिर राहतो. म्हणून फळीच उलटी फिरवली. पाटी डोक्यावर उभी, आणि मी दंडाच्या पायापासून शिरोरेषेकडे, म्हणजे आता स्वतःकडे, पेन ओढतोय. याचा एक आडफायदा झाला. उलटं अक्षर वाचता येत नाही, त्यामुळे हात लिहायचं सोडून आखलेल्या रेघेवरून चालू लागतो. लिहिण्याच्या सवयीनं येणारे झटके गेले.

पेन टेकवण्याआधी तापलेल्या अग्रावर हलकी फुंकर, किंवा बाजूच्या तुकड्यावर एकदा टेकवणं, म्हणजे पहिल्या क्षणाची जास्तीची धग निघून जाते. मग हवेतच हात हलवायला लागायचा आणि हलता हलता टेकायचं, विमान धावपट्टीवर उतरतं तसं. शेवटही तसाच, हलता हलता उचलायचं. आणि शिरोरेषेची जी जागा आखली आहे तिच्या अर्धा मिलिमीटर अलीकडेच उचलायचं. दंडाचं डोकं शिरोरेषेला लागू द्यायचं नाही. बघणाऱ्याला वाटेल ही चूक राहिली. पण ही फट मुद्दाम ठेवलेली असते.

सगळे दंड झाले, अक्षरांचे बाकीचे अवयव झाले, पाच-सात मिनिटं लाकूड थंड होऊ दिलं. मग फळी सुलटी करून शिरोरेषा. दोन रेघांची असल्यामुळे आधी वरची ओढली, एका श्वासात, सहा इंच. ती दंडांपासून लांब, तिचा कुणाशी संबंध नाही. पुन्हा थांबलो. मग खालची. फट ठेवल्याचा फायदा इथे कळतो. पेनाच्या वाटेत सगळीकडे कोरं लाकूड असतं. दंडाची डोकी आधीच शिरोरेषेत घुसलेली असती तर दर अक्षराला पेन कोऱ्या लाकडावरून जळक्यावर आणि जळक्यावरून कोऱ्यावर गेलं असतं, आणि त्या जळक्या जागा दुसऱ्यांदा भाजून खोल गेल्या असत्या. फट मात्र उरत नाही. शिरोरेषेची तपकिरी सावली खाली झिरपते, दंडाची वर, आणि दोघी मिळून अर्धा मिलिमीटर भरून काढतात. सातांपैकी पाच ठिकाणी फट आपोआप मिटली. दोन ठिकाणी पिवळी रेघ दिसत राहिली, तिथे बटण दोन आकडे खाली आणून, निवलेल्या अग्रानं एकेकदा स्पर्श केला.

व च्या पोटाला हाच न्याय. पोट दंडाला वर आणि खाली दोन ठिकाणी मिळतं, म्हणून ते एका वळणात काढायचं नाही. पोटाच्या डाव्या, सगळ्यात लांबच्या बिंदूपासून एक रेघ वर दंडाकडे, आणि तिथूनच दुसरी खाली दंडाकडे, दोन्ही दंडाच्या अलीकडे उचललेल्या. सुरुवातीचा बिंदू मोकळ्या वळणावर येतो, आणि तिथे दोन सुरुवाती एकमेकींवर हलक्या चढवल्या तर जोड दिसत नाही. न ची गाठ मात्र मी वेगळी, अग्राच्या टेकवण्यानंच केली. ती एक जागा जिथे ठिपका हवाच असतो.

ल ला सगळ्यात जास्त वेळ लागला, एक पूर्ण सकाळ. डावी पाकळी बाहेरून आत, मधल्या बिंदूच्या अलीकडे उचलली. थांबलो. उजवी पाकळी तशीच. थांबलो. देठ त्या बिंदूच्या जरा वरून सुरू करून शिरोरेषेकडे, तिथेही फट. मध्ये सुईच्या टोकाएवढा कोरा त्रिकोण राहिला. अक्षराचा सांधा असा रिकामा ठेवण्याची कल्पना माझी नाही, लाकडाचीही नाही. मॅथ्यू कार्टर या अक्षरकारानं १९७८ मध्ये अमेरिकेच्या टेलिफोन डिरेक्टरीसाठी बेल सेंटेनियल नावाचा टंक केला. डिरेक्टरीचा कागद स्वस्त, अक्षर बारीक, छपाई वेगात, त्यामुळे रेघा मिळतात तिथे शाई पसरून गोळा व्हायची. त्यानं अक्षराच्या सांध्यांमध्येच खाचा कोरून ठेवल्या. शाई पसरून त्या खाचा भरायची आणि कागदावर अक्षर पूर्ण दिसायचं. शाईच्या जागी धग ठेवली की माझा ल. तो त्रिकोण तिसऱ्या दिवशीपर्यंत मी तसाच ठेवला आणि लांबून पाहत राहिलो. चार फुटांवरून तो दिसत नव्हता. त्याला हात लावला नाही.

या सगळ्यात अधूनमधून अग्र पुसावं लागतं. त्याच्यावर काजळी साठते, ती उष्णता अडवते, मग आपण हात सावकाश करतो आणि पुन्हा ठिपके सुरू. मी जुन्या पट्ट्याच्या चामड्यावर अग्र घासतो. रेघ अडखळायला लागली की बटण वाढवायच्या आधी अग्र बघायचं.

आणि उर्दू? तिचं मी आतापर्यंत काही बोललो नाही, कारण तिनं त्रासच दिला नाही. आधी मला ते माझं कौशल्य वाटलं होतं. नंतर शब्दाकडे नीट पाहिलं. ‘दारुल मुताला’ हा शब्द उर्दूत लिहिताना त्यात एकही नुक्ता येत नाही, आणि सुरुवातीचे दाल, अलिफ, रे, पुन्हा अलिफ हे चारही हर्फ पुढच्या हर्फाला जोडलेच जात नाहीत. सांधे येतात ते फक्त लाम-मीम-तोय-अलिफमध्ये आणि शेवटच्या लाम-ऐन-हे मध्ये. त्यातही नस्तालीक लिपीत जिथे हर्फ हर्फाला मिळतो तिथे कलमाची रेघ मुळातच बारीक होते. कलमाच्या तिरक्या टोकानं शेकडो वर्षं लिहून लिपीनं सांध्यावरचं ओझं आधीच काढून टाकलेलं आहे. लहानपणी तख्तीवर मुलतानी माती फासून बरूच्या कलमानं आम्ही हे गिरवायचो, पण ते बारीक होणं कशासाठी याचा विचार कधी केला नव्हता. आता दंडाची डोकी शिरोरेषेजवळ एका रेघेची, थोडी निमुळती करून पाहिली, तर फट आणखी सहज मिटली. न चा दंड आणि शेवटचा य मी तसे काढलेत. नीट पाहिलं तर ओळखू येतं.

आपांची ‘एक बराबर’ची अट मात्र जाडीच्या हिशेबानं पाळता आली नाही. नस्तालीकमध्ये अलिफ कलमाच्या तीन कतांएवढा उंच, म्हणजे उंचीच्या मानानं रेघ फार जाड. मराठीची रेघ आठात एक. दोन्हींना एक सूत जाडी दिली तर उर्दू चिमुकली होते, दोन्हींना एक इंच उंची दिली तर उर्दू मराठीवर बसते. मी जाडी मोजायचं सोडून दोन्ही शब्दांची लांबी सारखी केली, सव्वासहा इंच, आणि उर्दूची कत दोन सूत धरून आधी कडा आखून मग आतून भरली. मराठी डाव्या टोकापासून निघते, उर्दू उजव्या टोकापासून, आणि मध्ये एक तळहात जागा मोकळी. आपांनी पाटी हातभर लांब धरून पाहिली, डोळे बारीक केले, आणि एवढंच म्हणाल्या, “ठीक है. काला दोनों में बराबर है.” कातिबांच्या घरातल्या असाव्यात तशा बोलल्या.

पाटीला जवसाच्या तेलाचे दोन हात दिलेत आणि ती छपरीत, थेट ऊन लागणार नाही अशी लावली आहे. उन्हात ठेवलं की जाळलेली रेघसुद्धा दोन-चार वर्षांत फिकी पडते, तेल असो नसो. एक ठिपका राहिला आहे. च च्या दंडावर, फळी उलटी असताना बाहेर कुणीतरी हाक मारली आणि हात थांबला. ब्लेडनं खरवडून, काडीला पॉलिश पेपर गुंडाळून तो बराच कमी केला, पण अर्ध्या मिलिमीटरहून खोल जळलं की खरवडल्यावर ठिपक्याच्या जागी खड्डा दिसतो, म्हणून तिथे सोडून दिलं. नातवानं तो पहिल्याच दिवशी बोट ठेवून दाखवला. सागाची पहिली फळी वाचनालयातच आहे, उलटी करून तिचा गोष्टींच्या पुस्तकांसाठी खण केला आहे. खालून वाकून पाहिलं तर सातही मुंग्या दिसतात.